व्हिजिट पुढे ढकलायची असेल तर कस्टमरला कुठली वेळ द्यायची आणि ती कशी सांगायची

प्रश्न: मी सर्व्हिस सेंटरला व्हिजिट लावायचं काम करते, सात महिने झाले. टेक्निशियनला आधीच्या घरी उशीर झाला की पुढच्या कस्टमरला फोन मलाच करावा लागतो. मी दोन तासांचा स्लॉट देते तरी बऱ्याचदा तोही चुकतो, आणि दुसऱ्यांदा फोन केला की लोक ऐकूनच घेत नाहीत. नेमकी वेळ कशी काढायची आणि कशी सांगायची?

उत्तर:

दोन तासांचा स्लॉट देण्यात चूक नाहीये, पण ते दोन तास कुठून आले ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी ते असेच येतात की टेक्निशियन म्हणाला "अर्धा तास लागेल", आपण त्यात मनाने थोडं वाढवलं आणि गोल आकडा करून सांगून टाकला. मी चौदा वर्षं हेच काम करतोय, पहिली तीन-चार वर्षं मीही असंच करायचो आणि रोज संध्याकाळी तीच भांडणं ऐकायचो. बदल झाला तो टेक्निशियनला प्रश्न वेगळा विचारायला लागलो तेव्हा.

"किती वेळ लागेल?" हे विचारूच नका. माणूस गुडघ्यावर बसून काम करतोय, समोर त्या घरची माणसं उभी आहेत, तो "अर्धा-पाऊण तास" असंच सांगणार. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात फक्त हाताचं काम असतं. मशीनला जो वेळ द्यावाच लागतो तो तो धरतच नाही, सामान आवरणं, सही घेणं, पैसे घेणं, कस्टमरच्या शंकांना उत्तरं देणं हे तर अजिबात नाही. म्हणून त्याला विचारा की आत्ता कुठल्या स्टेपला आहेस, आणि इथून पुढे काय काय करायचं राहिलंय ते क्रमाने सांग. मग बेरीज तुम्ही करा.

एक दिवस पूर्ण मांडून दाखवतो, म्हणजे समजेल. त्या दिवशी एका टेक्निशियनकडे तीन व्हिजिट होत्या. पहिली सकाळी 9:30 ते 10:30, स्प्लिट एसी नीट गार करत नाही अशी कम्प्लेंट, आम्ही दीड तासाचं काम धरलेलं. दुसरी 12 ते 1:30, वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जात नाही. तिसरी 3 ते 4:30, फ्रिजच्या दाराचं रबर बदलायचं आणि एक-दोन बारीक तक्रारी.

सव्वाअकराला त्याचा मेसेज आला की गॅस लीक आहे, जॉइंटला लीक सापडलंय, अर्धा-पाऊण तास लागेल. आता हे जसंच्या तसं धरलं तर तो बाराला मोकळा होतो, पुढचं घर पंचवीस मिनिटांवर, म्हणजे साडेबाराला दुसऱ्या घरी. त्या बाईंना 12 ते 1:30 सांगितलेलं होतं, म्हणजे सगळं वेळेत आहे आणि फोन करायची गरजच नाही. इथेच माणूस फसतो. उशीर झालाय हे कळतच नाही, कारण चुकीच्या आकड्याने सगळं बरोबर दिसत असतं, आणि मग दीड वाजता त्या बाईंचाच फोन येतो की अजून कोणी आलं नाही.

मी त्याला फोन केला आणि स्टेप विचारल्या. त्याने सांगितलं की पाइपचं टोक कापून फ्लेअर नव्याने करायचाय, पंधरा-वीस मिनिटं. मग नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का ते बघायचं, अर्धा तास. मग व्हॅक्यूम, तोही साधारण अर्धा तास. मग वजनावर गॅस भरायचा आणि मशीन चालवून कूलिंग बघायचं, पंचवीस-तीस मिनिटं. झाली की बेरीज, कमीत कमी शंभर मिनिटं! आणि यातला तासभर असा आहे की माणूस कितीही चपळ असला तरी कमी होत नाही, कारण व्हॅक्यूम पंपाला घाई करता येत नाही, आणि केली तर आत ओलावा राहतो आणि तीच कम्प्लेंट परत येते. म्हणून टेक्निशियनला "जरा लवकर आटप" म्हणणं हा इथे उपाय नाहीये.

आता मी दोन वेळा काढतो, लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची. लवकरची म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर. फोन ठेवला तेव्हा 11:20 झाले होते, त्यात शंभर मिनिटं घातली की एक वाजतो, सामान आवरणं आणि सही दहा मिनिटं, 1:10. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नव्हतं, त्यासाठी अर्धा तास, 1:40. प्रवास पंचवीस मिनिटं, 2:05. उशिराची म्हणजे एक गोष्ट बिघडली तर. फ्लेअर पहिल्यांदा बसला नाही, नायट्रोजनचं प्रेशर उतरलं, परत कापून परत करावं लागलं, तर पाऊण तास जादा. रस्त्यात गर्दी असेल तर प्रवास चाळीस मिनिटं. म्हणजे 2:05 चे साधारण 3:05 होतात.

जेवणाची वेळ यात धरायचीच, हे आवर्जून सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती धरत नाहीत, मग तो माणूस एकतर उपाशी पळतो आणि पुढच्या घरी चिडचिड करतो, नाहीतर न सांगता वाटेत थांबतो आणि आपला हिशोब कोलमडतो. त्याला सांगून टाका की तुझी अर्धा तासाची सुट्टी मी वेळेत धरली आहे. मग तोही तुम्हाला खरं सांगायला लागतो.

एक गोष्ट बिघडली तर, असं मी मुद्दाम म्हणतोय. सगळ्याच गोष्टी बिघडतील असं धरून वेळ काढली तर दुपारी दोन ते संध्याकाळी सहा असा स्लॉट निघेल, आणि तो सांगून काही उपयोग नाही, कस्टमरचा सगळा दिवस त्यात जातो. आणि काहीच बिघडणार नाही असं धरलं तर परत दुसरा फोन करावा लागेल. तुम्ही लिहिलंय ना की दुसऱ्यांदा लोक ऐकून घेत नाहीत, ते अगदी खरं आहे. पहिला बदल बहुतेक लोक समजून घेतात, दुसऱ्या बदलानंतर तुमच्या तोंडून आलेल्या कुठल्याच वेळेवर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून पहिल्यांदाच जरा लांबची वाटणारी पण टिकणारी वेळ द्यायची. मला 2:05 ते 3:05 मिळालं, मी सुरुवात 2 ठेवली आणि शेवट पुढे सरकवून 3:30 केला. शेवट नेहमी पुढेच सरकवायचा, कधीही मागे ओढायचा नाही.

फोन कधी करायचा? माझा नियम असा की उशिराची वेळ जुन्या स्लॉटच्या शेवटाच्या पुढे गेली की लगेच, तेव्हाच. इथे 3:05 हे 1:30 च्या पुढे आहे, आणि लवकरची 2:05 सुद्धा पुढेच आहे, त्यामुळे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. साडेअकराला फोन केला. तेव्हा त्यांचा स्लॉट सुरू व्हायला अर्धा तास बाकी होता, त्या अजून कामं सोडून दारापाशी बसल्या नव्हत्या. हाच फोन सव्वा वाजता केला असता तर तीच वेळ, तीच वाक्यं, पण त्यांचा सव्वा तास गेलेला असता आणि राग रास्त असता. बरेच जण थांबतात, की बघू, कदाचित जमेल, उगाच कशाला सांगायचं. तसं करू नका. सांगितल्यावर तो थोडा लवकर मोकळा झाला तर फोन करून विचारता येतं की आधी आलं तर चालेल का. उलटं करता येत नाही.

आता बोलायचं कसं. माझा तो फोन साधारण असा होता:

"नमस्कार मॅडम, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय, तुमच्या वॉशिंग मशीनच्या आजच्या व्हिजिटबद्दल. टेक्निशियन आज दीड वाजेपर्यंत पोहोचू शकणार नाही. साडेतीन वाजेपर्यंत नक्की पोहोचेल, दोनच्या आधी येणार नाही. आधीच्या ठिकाणी काम निघालं ते अर्धवट सोडून येता येत नाहीये. तुमची दुपार अडकली, सॉरी. ही वेळ तुम्हाला जमेल का?"

एवढंच. यात पहिल्याच वाक्यात कुठल्या व्हिजिटबद्दल आहे ते आलं, दुसऱ्यात बातमी आली, तिसऱ्यात वेळ आली. सॉरी एकदाच, आणि वेळ सांगून झाल्यावर. आधी दोन मिनिटं माफी मागत बसलं की समोरच्याला वाटतं व्हिजिट रद्दच झाली, आणि तो वेळ ऐकायच्या आधीच तापतो.

वेळ सांगायची पद्धत नीट बघा. मी "दोन ते साडेतीन" असं म्हटलं नाही. आपल्या बोलण्यात "दोन-तीन वाजता येतो" म्हणजे अंदाजे दोनच्या सुमाराला, त्यामुळे "दोन ते साडेतीन" सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानात "दोन" राहतं आणि सव्वादोनला फोन येतो की कुठे आहे तुमचा माणूस. म्हणून आधी शेवटची वेळ सांगायची, "साडेतीन वाजेपर्यंत", आणि मग "दोनच्या आधी नाही". त्यांना दोन गोष्टी कळतात, कधीपर्यंत वाट बघायची आणि कधीपर्यंत बिनधास्त बाहेर जाता येईल. दुसरी गोष्ट लोकांना फार उपयोगी पडते आणि आपण ती सांगतच नाही.

अजून एक, ही वेळ पोहोचायची आहे, काम संपायची नाही, हे स्पष्ट सांगा. "साडेतीनपर्यंत होईल" असं तोंडातून गेलं की कस्टमर समजतो साडेतीनला मशीन चालू. मी नेहमी "पोहोचेल" म्हणतो आणि पुढे जोडतो की कामाला साधारण पाऊण ते सव्वा तास लागतो.

आपल्या भाषेतल्या काही शब्दांपासूनही सांभाळून राहा. फोनवर "पावणेचार" आणि "साडेचार" यांची गल्लत होते, विशेषतः आवाज नीट येत नसेल तेव्हा, म्हणून मी "पावणेचार, म्हणजे चारला पंधरा मिनिटं कमी" असं दोनदा सांगतो. "परवा" तर वापरूच नका, तो मागचाही असतो आणि पुढचाही, आणि घरात निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला की हमखास गोंधळ होतो, वार आणि तारीख सांगा. "उद्या" हा शब्द मेसेजमध्ये नको, रात्री पाठवलेला मेसेज माणूस सकाळी उठून वाचतो आणि त्याचा उद्या एक दिवस पुढे जातो. "थोड्या वेळात", "निघालाच आहे", "वाटेत आहे" हे तर मी आमच्या टेबलावर बंदच केलंय. वाटेत आहे असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा टेक्निशियनने स्वतः सांगितलंय की गाडी चालू केली.

कारण किती सांगायचं? एक वाक्य, आणि खरं. आधीच्या घरी काय बिघडलं होतं, ते कुठे राहतात, त्यांनी काय गोंधळ घातला, यातलं काही सांगायचं नाही, ती दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आहे. आणि ट्रॅफिकची थाप मारू नका. टेक्निशियन घरी गेल्यावर कस्टमर सहज विचारतो, फार ट्रॅफिक होतं का हो, आणि तो बिचारा म्हणतो नाही, एसीचं काम लांबलं. मग पुढच्या वेळी तुमचं खरं कारणही खोटं वाटतं.

मग त्या बाईंनी जे सांगितलं त्यामुळे हिशोब बदलला. त्या म्हणाल्या, "पावणेतीन ते सव्वातीन मी घरी नाहीये हो, मुलाला शाळेतून आणायचं असतं." म्हणजे माझ्या दीड तासाच्या स्लॉटच्या मधोमध अर्धा तास घर बंद. अशा वेळी "बघतो, ॲडजस्ट करतो" म्हणून फोन ठेवणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण त्याचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा असतो. तुम्हाला वाटतं त्या बघून घेतील, त्यांना वाटतं टेक्निशियन अडीचला येऊन जाईल.

मी त्यांना दोन पर्याय दिले. आजच सव्वातीन ते पावणेचार, नाहीतर उद्या, म्हणजे बुधवारी, सकाळची पहिली व्हिजिट 9:30 ते 10:30. दोनच पर्याय द्यायचे, "तुम्हाला कधी चालेल?" असं मोकळं सोडलं की ते अशी वेळ मागतात जी आपल्याकडे नसते आणि दुसरा नकार द्यावा लागतो. आणि दुसरा पर्याय शक्यतो दिवसातली पहिली व्हिजिट असावी. तिच्या आधी कुठलंच काम नसतं, त्यामुळे मागचं लांबलं म्हणून ती पुढे जाण्याचा प्रश्न येत नाही. ज्या कस्टमरला आपण एकदा पुढे ढकललंय त्याला परत दिवसाच्या मधल्या स्लॉटमध्ये टाकू नका. त्यांनी आजची सव्वातीनची वेळ घेतली.

आता बघा, सव्वातीन ते पावणेचार हा फक्त अर्ध्या तासाचा स्लॉट मी बेधडक कसा दिला? कारण माझी उशिरात उशिराची वेळ 3:05 होती. टेक्निशियन जेवून दोनला निघाला काय आणि अडीचला निघाला काय, तो सव्वातीनच्या आधी त्या भागात पोहोचलेलाच असणार, जो काही उशीर व्हायचा तो मधल्या रिकाम्या वेळात जिरून जाणार. स्लॉट छोटा हवा असेल तर त्याच्या आधी मोकळी जागा सोडावी लागते, नुसतं तोंडाने छोटा करून चालत नाही. ज्या कस्टमरला खरंच नेमकी वेळ हवी असते, कोणाला ड्यूटीवर जायचंय, कोणाकडे तान्हं बाळ आहे, त्यांना मी हे असंच देतो, थोडं उशिराचं पण नेमकं. लोक खुशीने घेतात.

पण ही मोकळी जागा फुकट मिळत नाही, ती पुढच्या व्हिजिटमधून येते, आणि हे विसरलं की संध्याकाळी तिसरा कस्टमर भडकतो. दुसरं काम 3:15 ते 3:45 च्या मध्ये सुरू होणार, पाऊण ते सव्वा तास चालणार, म्हणजे 4 ते 5 च्या मध्ये संपणार, पुढे वीस ते तीस मिनिटं प्रवास, म्हणजे फ्रिजवाल्यांकडे 4:20 ते 5:30. त्यांना सांगितलेलं होतं 3 ते 4:30. आधी बघितलं की दुसऱ्या टेक्निशियनला हे काम देता येतं का, त्या दिवशी कोणी मोकळं नव्हतं. मग पावणेबाराला त्यांनाही फोन केला, "काका, तुमची आजची फ्रिजची व्हिजिट, टेक्निशियन साडेपाच वाजेपर्यंत पोहोचेल, सव्वाचारच्या आधी नाही, चालेल का?" तीन वाजायला सव्वातीन तास बाकी होते. ते एवढंच म्हणाले, बरं झालं आत्ताच सांगितलं, मी बँकेचं काम उरकून येतो.

कधीकधी तिसऱ्याला लगेच सांगावं की नाही हे नक्की नसतं, म्हणजे त्याची उशिराची वेळ स्लॉटच्या दहा-पंधरा मिनिटंच पुढे जातेय आणि मधे अजून दोन कामं आहेत. तेव्हा मी घाईने बदलत नाही. वाट बघतो, पण त्याचा स्लॉट सुरू व्हायच्या एक तास आधी ठरवतोच, तोपर्यंत पहिल्या कामाचं चित्र स्पष्ट झालेलं असतं. त्या एका तासाच्या आत मात्र घुटमळायचं नाही.

फोन झाला की लगेच मेसेज, कारण फोनवर ऐकलेला आकडा माणूस विसरतो आणि घरात दार उघडणारी व्यक्ती बऱ्याचदा दुसरीच असते. मी पाठवलेला असा होता:

"दुपारी 3:15 ते 3:45. तुमच्या वॉशिंग मशीनसाठी टेक्निशियन आज, मंगळवारी, या वेळेत पोहोचेल (आधीची वेळ रद्द). निघताना तो तुम्हाला फोन करेल. वेळ जमत नसेल तर या नंबरवर कळवा."

नवीन वेळ अगदी सुरुवातीला आहे बघा. मोबाइलच्या वरच्या पट्टीत मेसेजची पहिली ओळच दिसते, बरेच लोक तेवढीच वाचतात. "आपली 12 ते 1:30 ची व्हिजिट काही कारणास्तव" अशी सुरुवात केली की दिसतात फक्त जुने आकडे, आणि कस्टमरला वाटतं कन्फर्मेशन आलं. हे आमच्याकडे खरंच झालेलं आहे, एक गृहस्थ जुन्या वेळेला ऑफिसातून घरी आले होते, मेसेज मिळाला होता तरी. तेव्हापासून मी जुनी वेळ आकड्यात लिहितच नाही. आकडे मात्र 3:45 असेच लिहा, मेसेजमध्ये "पावणेचार" नको, आणि दुपारी की संध्याकाळी ते सोबत हवंच.

फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत एकदा करायचा, मग मेसेज टाकायचा, पण त्यात "आपल्या संमतीने वेळ बदलली आहे" वगैरे लिहू नका, त्यांनी संमती दिलेली नाही. टेक्निशियनला सांगून ठेवा की निघायच्या आधी स्वतः फोन लाव. आणि त्यांनी मेसेज बघितलाच नाही, जुन्या वेळेत घरी थांबल्या आणि नवीन वेळेला बाहेर गेल्या, तर सिस्टीममध्ये "कस्टमर घरी नाही" असं टाकून कम्प्लेंट बंद करू नका. त्या दिलेल्या वेळेला घरी होत्या, आपण नव्हतो. मी तिथे "वेळ आम्ही बदलली, कस्टमरशी बोलणं झालं नाही" असं लिहितो. हे मी कस्टमर म्हणूनही भोगलंय, माझ्याच घरच्या दुरुस्तीच्या वेळी एका सेंटरने असा शेरा मारून कम्प्लेंट बंद केली आणि मला परत नव्याने नंबर लावावा लागला, तो राग मला अजून आठवतो.

एक प्रकार वेगळा आहे, तो म्हणजे पार्ट आलेला नाही म्हणून व्हिजिट पुढच्या दिवशी जाते तेव्हा. तिथे पार्ट हातात पडेपर्यंत व्हिजिटची वेळ देऊच नका, कितीही दबाव आला तरी. "गुरुवारी येईल बहुतेक" यावर दिलेली वेळ म्हणजे दुसरा फोन ठरलेलाच. त्याऐवजी पुढच्या फोनची वेळ द्या, "पार्ट अजून आलेला नाही, उद्या, बुधवारी, दुपारी बारापर्यंत मी स्वतः फोन करून काय झालं ते सांगतो." आणि बाराला पार्ट आलेला नसला तरी फोन करायचा. नसला तर जास्तच करायचा, कारण तो फोन आपल्या हातात आहे, पार्ट नाहीये.

त्या दिवशी पुढे काय झालं ते सांगतो. फ्लेअर पहिल्यांदा बसला नाहीच, साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले, त्याने परत कापून केला आणि पावणेदोनला काम संपलं. आवरून, जेवून, रस्त्याने तो तीनला त्या भागात पोहोचला, वीस मिनिटं थांबला, आणि 3:20 ला बाईंच्या दारात होता, त्या मुलाला घेऊन नुकत्याच आल्या होत्या. ड्रेन पंपात एक नाणं अडकलेलं निघालं, पन्नास मिनिटांत काम झालं. काकांकडे तो 4:35 ला पोहोचला. दोघांनाही मी दुसरा फोन केला नाही.

तुम्ही सुरुवात करताना एक वही ठेवा, त्यात रोज फक्त ढकललेल्या व्हिजिट लिहा, टेक्निशियन काय म्हणाला होता, तुम्ही बेरजेने काय काढलं, आणि तो खरंच किती वाजता पोहोचला. तीन-चार आठवड्यांत दिसायला लागेल की कुठला माणूस "अर्धा तास" म्हणाला की त्याचा दीड तास धरायचा, आणि कुठल्या प्रकारच्या कामाला आपण बुकिंगच्या वेळीच कमी वेळ धरतोय. आमच्या वहीत असं दिसलं की "एसी गार करत नाही" ही कम्प्लेंट सगळ्यात जास्त लांबते, कारण आत फिल्टर तुंबलाय की गॅस लीक आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून ती कम्प्लेंट मी कोणाच्याही दिवसात पहिली लावत नाही, शेवटची लावतो.